कौलारू घराची प्रतिकृती: ०.४ नोझलवर लेयर हाइट आणि लाइन विड्थच्या नोंदी

गुहागर तालुक्यातलं आमचं जुनं घर मे महिन्यात उतरवलं. तिथे आता स्लॅबचं घर होतंय. आत्याचं म्हणणं पडलं की गणपतीला सगळे जमतील तेव्हा मखराशेजारी जुनं घर दिसलं पाहिजे. फोटो नको, घरच हवं. थ्रीडी प्रिंटर माझ्याकडे रत्नागिरीत आहे. बेड २२० बाय २२०, नोझल पितळी ०.४ मिमी, प्लास्टिक वितळवणारा हॉटएंड कंपनीने दिला तोच. नोझल बदलायची नाही असं आधीच ठरवलं, कारण ०.२ ची नोझल लावली असती तर घर पुढच्या गणपतीला झालं असतं. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे.

१९ जुलै २०२५

परसात उतरवून ठेवलेली मंगलोरी कौलं मोजली. एक कौल ४१ सेंमी लांब, साडेतेवीस रुंद. वरच्या ओळीखाली दडणारा भाग सोडला की ३२ सेंमी उघडं राहतं. घराची लांबी १२ मीटर, म्हणजे १:६० ला २०० मिमी. बेडवर बसतं. या मापाला कौलाच्या एका ओळीची लांबी ५.३३ मिमी येते आणि कौलाची कड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. या अर्ध्या मिलिमीटरवरच सगळं अवलंबून आहे. ती कड दिसली नाही तर छप्पर म्हणजे नुसता पत्रा.

२२ जुलै

छप्पर जसं घरावर असतं तसंच, आढं वर ठेवून लावलं. खाली सपोर्ट. लेयरची उंची ०.२, लाइनची रुंदी ०.४५ मिमी. नऊ तास दहा मिनिटं लागली आणि निकाल वाईट.

उतार ३० अंशांचा आहे. अशा उतारावर ०.२ च्या प्रत्येक लेयरची साधारण ०.३५ मिमी रुंद पायरी उघडी पडते. अख्ख्या छपरावर अशा पायऱ्याच पायऱ्या. त्यात कौलाची कड कुठली आणि लेयरची पायरी कुठली, तेच कळेना. शिवाय ओळी सारख्या नाहीत. काही रुंद, काही अरुंद. आधी वाटलं बेल्ट सैल आहे. तासभर बेल्ट आणि झेडचा स्क्रू तपासण्यात घालवला. दोष यंत्राचा नव्हताच. या उतारावर एका ओळीची उभी उंची २.६७ मिमी येते, म्हणजे ०.२ चे तेरा लेयर आणि वर थोडं. मॉडेलचे लेयर पाडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्लाइसर, अर्धा लेयर देऊ शकत नाही. त्यामुळे काही ओळींना तेरा लेयर मिळाले, काहींना चौदा. डोळ्याला हा फरक लगेच खटकतो, कारण कौलांची ओळ म्हणजे आपल्या नजरेत बसलेली गोष्ट.

२५ जुलै

सरळ उपाय म्हणून लेयर ०.१२ केला. अंदाज पंधरा तासांचा. नऊ तास झाले आणि वीज गेली. वाऱ्याने कुठेतरी फांदी तारेवर पडली होती. दोन तासांनी वीज आली. प्रिंटरने पुढे चालू करू का विचारलं, मी हो म्हटलं, पण तोवर बेड थंड होऊन तुकडा एका कोपऱ्यातून सुटला होता. फेकला.

फेकण्याआधी नीट पाहिलं. पायऱ्या ०.२१ मिमीच्या झाल्या होत्या, कड दिसायला लागली होती, पण अजून मऊ, झिजल्यासारखी. म्हणजे दीडपटीहून जास्त वेळ देऊन अर्धवट फायदा. ०.०८ ला गेलो तर एकटं छप्पर वीस तासांच्या वर. पावसाळ्यात आमच्याकडे सलग वीस तास वीज धरून चालणं म्हणजे जुगार.

२९ जुलै, नागपंचमी

आज काही चिरायचं-कापायचं नाही असा आत्याचा फोनवरून हुकूम, त्यामुळे सपोर्ट सोलण्याचं काम बंद. बरंच झालं. कागद घेऊन बसलो.

चूक अशी होती की मी बारकावा लेयरकडून मागत होतो. लेयर हाइट फक्त उभ्या दिशेचा बारकावा ठरवते, आणि सपाट उतारावर सर्वात जास्त त्रास देते. उभ्या भिंतीवर लेयर ०.१२ असो की ०.२४, पायरी पडतच नाही. आडव्या दिशेत आकार नोझल स्वतः फिरून काढते. तिथे प्रश्न लाइनच्या रुंदीचा, लेयरचा नाही. मग छपराचे दोन उतार वेगळे करून पाखं उभी का छापू नयेत?

पाख आढ्याच्या कडेवर उलटी उभी करायची. सुलटी उभी केली तर प्रत्येक कौलाची कड खाली तोंड करून लोंबते. उलटी केली की तीच कड वर तोंड करून येते, सपोर्टची गरजच नाही.

ओळींचा घोळही तेव्हाच मिटवला. माझ्या प्रिंटरचा झेड स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी चढतो आणि मोटरचे फेऱ्याला २०० पूर्ण टप्पे, म्हणजे एक टप्पा ०.०४ मिमी. लेयर या ०.०४ च्या पटीत ठेवला की मोटर दर लेयरला पूर्ण टप्प्यावर थांबते. म्हणून ०.०८, ०.१२, ०.१६, ०.२४ हे आकडे. आता ओळ ५.३३ ऐवजी ५.२८ मिमीची काढली. ५.२८ म्हणजे ०.२४ चे नेमके बावीस लेयर, ०.१२ चे चव्वेचाळीस. पुढे लेयर कुठलाही निवडला तरी प्रत्येक ओळ सारखी येणार. खऱ्या घरात हा फरक तीन मिलिमीटरचा. आमच्या गवंड्याने तेवढं बघितलं नसेल.

१ ऑगस्ट

पहिली उभी पाख, लेयर ०.२४. पाख १०० मिमी उंच आणि जाडी फक्त २.४. खालचा सत्तर टक्के भाग इतका छान की मी फोटो पाठवून मोकळा झालो. वर गेल्यावर पाख नोझलबरोबर डुलायला लागली आणि शेवटच्या पाच ओळींवर लाटा उमटल्या. मागच्या बाजूला, जी घरात लपते, तीन त्रिकोणी टेकू मॉडेलमध्येच घातले आणि तळाभोवती बेडला धरून ठेवणारा आठ मिमीचा ब्रिम दिला. दुसऱ्या खेपेला लाटा नाहीत. वेळ दोन तास पन्नास मिनिटं.

३ ऑगस्ट

तीच पाख ०.१२ ला. पाच तास पस्तीस मिनिटं. दोन्ही शेजारी ठेवून घरच्यांना विचारलं. आई म्हणाली, "दोन्ही सारखीच, मला काय विचारतोस?" पुतण्याने मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा कुठे ०.२४ वर रेघा दिसल्या. दोन्हींवर विटकरी रंगाचा एक हात मारला. मग टॉर्चनेही सांगता येईना.

छपरासाठी ०.२४ कायम. दोन्ही पाखा मिळून साडेपाच तास वाचले.

६ ऑगस्ट

वेळ आणखी वाचवायचा मोह झाला आणि लाइन सगळीकडे ०.६ केली. नोझलचं छिद्र ०.४ असलं तरी छिद्राभोवती टोकाचा सपाट भाग असतो. जास्तीचं प्लास्टिक त्याच्याखाली दाबलं जाऊन पसरतं, म्हणून ०.४ मधून ०.६ ची लाइन निघते. दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली, कौलांवरच्या उभ्या पन्हळी बुजल्या. बाहेरची लाइन जितकी रुंद तितके तिचे कोपरे गोल, आणि दोन पन्हळींमधली खाच नुसती खळगी होऊन राहिली. दुसरी गोष्ट ऐकू आली. एक्स्ट्रूडरमधून टक, टक असा आवाज. जोत्याचा तुकडा मी लेयर ०.२८, लाइन ०.६, वेग ६० वर लावला होता. उंची गुणिले रुंदी गुणिले वेग केलं की सेकंदाला दहा घन मिलिमीटर प्लास्टिक होतं. माझा हॉटएंड तेवढं वितळवू शकत नाही. गिअर फिलॅमेंटवर घसरत होता आणि जोत्याच्या आत भोकं पडत होती. स्लाइसर मात्र आनंदाने एक तास चाळीस मिनिटं दाखवत होता.

प्रवाहाची मर्यादा ८ घातल्यावर स्लाइसरने वेग आपोआप ४७ च्या आसपास आणला आणि वेळेचा अंदाज खरा दाखवला, दोन तास पाच मिनिटं. हॉटएंडची मर्यादा गाठली की लेयर जाड करा किंवा लाइन रुंद करा, वेळ त्यापुढे कमी होत नाही.

शेवटी बाहेरची लाइन अरुंद आणि आतल्या रुंद असा मेळ बसला. PrusaSlicer मधल्या या ओळी आता छपराला आणि भिंतींना कायम:

```
layer_height = 0.24
first_layer_height = 0.24
external_perimeter_extrusion_width = 0.42
perimeter_extrusion_width = 0.6
infill_extrusion_width = 0.6
filament_max_volumetric_speed = 8
```

दिसतं ते फक्त बाहेरच्या लाइनीवर. आतल्या लाइनींचं काम भरायचं आणि घट्ट धरायचं, तिथे ०.६ ला कोणी हरकत घेत नाही.

१० ऑगस्ट

भिंती. चिऱ्याच्या भिंती, गिलावा न केलेल्या, म्हणजे सांधे दिसलेच पाहिजेत. नऊ इंची थर १:६० ला ३.८१ मिमी येतो. तो ३.८४ केला, ०.२४ चे सोळा लेयर. आडवा सांधा एका लेयरच्या उंचीची खाच, खोली ०.४.

खाच दिसलीच नाही. कारण ढोबळ आहे, पण मला तुकडा कापून बघेपर्यंत सुचलं नाही. खाचेच्या वरच्या लेयरची बाहेरची लाइन ०.४२ रुंद, आणि खाली खाच ०.४ खोल. म्हणजे ती लाइन जवळजवळ पूर्ण अधांतरी. ती लोंबली आणि खाच बुजवून बसली. खोली ०.२ केली, निम्मी लाइन खालच्या लेयरवर टेकली आणि सांधा स्वच्छ आला.

उभे सांधे वेगळे. तिथे लोंबायचं काही नाही, नोझल फक्त आत वळून बाहेर येते. ०.२५ रुंदीच्या खाचेची नुसती सावली दिसली. ०.४ ला नीट सांधा दिसला. गंमत म्हणजे भिंतीवर एक नक्षीची पट्टी मी ०.३ जाडीची, मोकळी उभी काढली होती, ती स्लाइसरच्या प्रिव्ह्यूमधून गायबच. खाच लाइनीपेक्षा बारीक चालते, कारण ती दोन लाइनींच्या मधली रिकामी जागा असते. मोकळा उंचवटा मात्र स्वतः निदान एक लाइन असावा लागतो. खोदलेलं स्वस्त, उठावाचं महाग.

दुसरा दिवस गेला भिंतीच्या जाडीत. जाडी सरळ २ मिमी धरली होती. हातात घेतली तर दाबल्यावर मध्ये कुरकुर. उभी कापली तर भिंत मधोमध दोन पापुद्र्यांत सुटलेली. चार लाइनींच्या रुंदीची बेरीज करू: ०.४२, ०.६, ०.६, ०.४२, एकूण २.०४. पण लाइनीच्या कडा गोल असतात म्हणून स्लाइसर शेजारच्या लाइनी थोड्या एकमेकींत सरकवतो. ०.२४ च्या लेयरला साधारण ०.०५ दर जोडाला. तीन जोड, ०.१५ गेले, उरले १.८९. माझी भिंत २.०० ची. मधली ०.११ ची फट इतकी बारीक की स्लाइसरने ती भरलीच नाही.

मॉडेलमधली भिंत १.८९ केली. कुरकुर बंद. खाचेच्या लेयरमध्ये भिंत ०.२ ने कमी होते आणि तिथे हिशेब जमत नाही, पण तो सोळातला एक लेयर, वरचे-खालचे धरून ठेवतात. स्लाइसरमधलं Arachne चालू केलं असतं तर लाइनींची रुंदी त्यानेच जुळवून घेतली असती. ते मी खिडक्यांसाठी राखून ठेवलं. भिंतीला मला सगळीकडे सारखी बाहेरची लाइन हवी होती.

१४ ऑगस्ट

आता जिथे बारीक लेयरला खरंच काम आहे ते. आढ्यावरची अर्धगोल कौलं. ही उभी छापता येत नाहीत, दोनशे मिमीची सळी डुलत राहील. आडवीच छापायची, आणि अर्धगोलाचा माथा जवळजवळ सपाट, म्हणजे पायऱ्यांना मोकळं रान. ०.२४ ला माथ्यावर नकाशातल्या डोंगरासारख्या रेषा आल्या. ०.०८ केला. पट्टी फक्त चार मिमी उंच, म्हणजे पन्नास लेयर. पन्नास मिनिटांत काम झालं. बारीक लेयर उंच वस्तूला परवडत नाही, बुटक्या वस्तूला सहज परवडतो.

तुळशीवृंदावनही ०.०८ लाच घेतलं. वीस मिमी उंच, अडीचशे लेयर. एकटं लावलं तर एक लेयर दोन-तीन सेकंदांत होतो, पण खालचा लेयर गार व्हावा म्हणून स्लाइसर प्रत्येक लेयरला किमान दहा सेकंद घेतो. तेवढ्याशा वृंदावनाला चाळीस मिनिटांच्या वर. म्हणून तेही आढ्याच्या पट्टीबरोबरच बेडवर ठेवलं. खालच्या पन्नास लेयरना तरी वेळ फुकट मिळाला.

वृंदावनाच्या माथ्यावर जाळी दिसली. वरचे सपाट लेयर पाचच होते. ०.२ ला पाच म्हणजे एक मिमी, ०.०८ ला पाच म्हणजे ०.४. आतल्या जाळीदार इन्फिलवर ते झोळी करून बसले. दहा केले.

दुसऱ्या खेपेला पृष्ठभागावर केस आणि बारीक फोड. लेयरला दोष देऊन ०.१२ करायला निघालो होतो. पण नोझलमधून चर्र आवाज येत होता. रीळ आठवडाभर उघडं होतं, आणि श्रावणात इथे मीठसुद्धा ओलं होतं. बारीक लेयरला प्रवाह कमी, फिलॅमेंट गरम नळीत जास्त वेळ राहतं, म्हणून ओल जास्त दिसते. ०.२४ ला हेच रीळ गुपचूप चाललं होतं. ड्रायरमध्ये ५० अंशांवर सहा तास ठेवलं. फोड गेले.

१७ ऑगस्ट

खिडक्यांचे गज. खरा गज १६ मिमीचा, प्रतिकृतीत ०.२७ यायला हवा. क्लासिक पद्धतीने स्लाइसरने गज टाकूनच दिले. Arachne ने छापले, पण किमान रुंदीला नेऊन, ०.३४ चे, आणि बेडवरून काढताना तीन तुटले. हट्ट सोडला. गज ०.४५ चा, एक भरीव लाइन, खिडकी आडवी झोपवून. मापाने पाहिलं तर गज जाड आहेत. आजवर कोणी बोललं नाही.

२२ ऑगस्ट

चिकटवणं, रंगवणं झालं. हिशेब: पीएलएची दोन रिळं, प्रत्येकी ९५० रुपये, त्यातलं निम्मं एक रीळ फेकलेल्या तुकड्यांत. घरात बसलेल्या भागांचा छपाईचा वेळ साधारण पंचवीस तास. वाया गेलेल्यांचा तेवढाच, थोडा जास्तच.

एक चूक राहिली आहे. मागच्या भिंतीला चिकटवताना पाख अर्धा मिलिमीटर सरकली आणि आढ्याखाली फट दिसते. ती गणपतीच्या बाजूला नाही, भिंतीकडे आहे.

२५ ऑगस्ट

घर गाडीतून गावी आणलं. आत्याने चष्मा लावून चारही बाजूंनी पाहिलं. पडवी पाहिली, वृंदावन पाहिलं, मग छपरावर बोट ठेवून म्हणाली, "काचेचं कौल कुठाय रे? माजघरात उजेड त्यातनंच यायचा."

काचेचं कौल मी साफ विसरलो होतो. प्रिंटर रत्नागिरीत, म्हणून मित्राला फोन केला. त्याच्याकडे पारदर्शक पीईटीजीचा तुकडा आहे. त्याला सांगितलंय: एक कौल, आडवं, ५.२८ लांब, सपोर्ट नाही. लेयर ०.२८, लाइन ०.६, वेग अगदी कमी, तापमान नेहमीपेक्षा दहा अंश जास्त. पारदर्शक वस्तूत प्रत्येक लेयरच्या सांध्यावर उजेड फुटतो, म्हणून सांधे जितके कमी तितकं बरं. उद्या सकाळच्या एसटीने पाठवतोय. तोवर पाखेत चौकोन कापून ठेवतो.